चार वर्षांचं मूल, फरसबी आणि १४ दिवस

"दोनदा दिली, तोंडातून बाहेर काढली. त्याला फरसबी आवडतच नाही." संशोधनाच्या भाषेत, हा निष्कर्ष फार थोड्या निरीक्षणांवर काढला आहे. साधारण २ ते ६ वयात मुलं अनोळखी चवीला नकार देतात, हे सर्रास दिसतं. मग प्रश्न असा की चव नुसती ओळखीची झाली, तर आवड बदलते का?

लंडनमध्ये जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे तपासलं. २ ते ६ वर्षांच्या मुलांच्या पालकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाने ठरलेली एक भाजी सलग १४ दिवस रोज चाखायला दिली, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रक मिळालं, तिसऱ्याला काहीच नाही. आवड आणि खाण्याचं प्रमाण, दोन्ही सर्वांत जास्त वाढलं ते पहिल्या गटात.

घरी हेच कसं करायचं? सहा भाज्या मऊ वाफवून मुलाला चाखायला द्या आणि आवडीप्रमाणे क्रम लावायला सांगा. समजा चौथी फरसबी आली आणि पाचवा दुधी. फरसबी निवडा. अगदी शेवटची निवडली तर मूल चाखणारच नाही, आणि पहिलीत वाढायला जागाच नसते. आता १४ दिवस, जेवणाआधी भूक असताना, नखाएवढा तुकडा द्या. आधी स्वतः खा. मूल नाही म्हणालं तर ताटली उचला, उद्या पुन्हा. रोज वहीत एकच शब्द लिहा: नकार, चाखली किंवा खाल्ली. या काळात दुधी मात्र द्यायचा नाही. १५व्या दिवशी पुन्हा क्रम लावून घ्या. फरसबी वर गेली आणि दुधी जागेवरच राहिला, तर बदल चाखण्यामुळे झाला असं म्हणायला आधार मिळतो. दोन्ही वर गेल्या, तर कारण दुसरंच काही असू शकतं. आणि वहीत नुसते नकारच असतील, तर प्रयोग फसला असं नाही, तो झालाच नाही. कारण परिणाम चाखण्याचा आहे, ताटात दिसण्याचा नाही.

"संपव बघू" म्हटलं तर? २००६ मध्ये गॅलोवे आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयातल्या मुलांना सूप देऊन हे पाहिलं. आग्रह नसताना मुलांनी सूप जास्त प्यायलं आणि कुरकुरही कमी केली.

आमिषाचं चित्र इतकं सरळ नाही. "भाजी खा, मग चॉकलेट" यातून मूल शिकतं की भाजी ही चॉकलेटसाठी भरायची किंमत आहे. पण कुक आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या अभ्यासात, चाखल्याबद्दल स्टिकर दिल्याने भाजीची आवड कमी झाली नाही. म्हणजे "बक्षीस वाईट" असं सरसकट विधान टिकत नाही. बक्षीस कोणतं आणि कशासाठी, हे लिहावंच लागतं.

मर्यादाही आहे. फरसबी आवडली म्हणून दुधी आवडेलच असं नाही. त्याचे १४ दिवस वेगळे. आणि मूल मोजकेच पदार्थ खात असेल, वजन वाढत नसेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर वही बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.