बिलांची पिशवी नको, तीन फायली करा

आमच्या वस्तीतल्या एका रंगाच्या दुकानाची खरेदीची बिले आम्ही लावून देतो. पूर्वी मालक 19 तारखेला पिशवीभर कागद घेऊन हिशेबनिसाकडे धावत. एकदा 10,000 रुपयांच्या मालावर भरलेल्या 1,800 रुपये जीएसटीची वजावट अडकली. बिलावर दुकानाचा पंधरा अक्षरी-आकडी जीएसटी क्रमांकच नव्हता, आणि आता वेळ उरला नव्हता.

तेव्हापासून बिल हाती येताच आपला क्रमांक, तारीख आणि कर पाहतो. बरोबर असलेली मालाची बिले पहिल्या फायलीत, भाडे-विजेसारख्या खर्चाची दुसऱ्या, चुकीची तिसऱ्या. तिसरीतल्यांसाठी विक्रेत्याला त्याच दिवशी फोन. शाई उडणाऱ्या गुळगुळीत पावतीची झेरॉक्स जोडतो. दर रविवारी तारीख, बिल क्रमांक, विक्रेता, रक्कम व कर वहीत उतरवतो.

दरमहा विवरण भरणारा विक्रेता पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आपली विक्री कळवतो. 14 तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-2बी ही यादी येते. ती वहीशी ताडतो. यादीत नसलेल्या बिलाची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही. विक्रेत्याने दुरुस्ती केल्यावर पुढे मिळते. दरमहा विवरण भरणाऱ्या दुकानाची मुदत 20 तारीख, म्हणून हिशेबनिसाकडे फायली 15 लाच पोचवाव्यात.