आपोआप परत जाणारं पुस्तक

न्यू जर्सीत लेकीच्या घरापासून गावचं ग्रंथालय चालत बारा मिनिटांवर आहे. गेल्या वर्षी तिच्याकडे सहा महिने राहिले, तेव्हा नातवाला शाळेत सोडून परस्पर तिकडे जायची मला सवयच लागली. एके दिवशी काउंटरवर गुलाबी कागदावर छापलेली सूचना दिसली. आजपासून सभासदांना ई-पुस्तकं घरबसल्या मिळतील. त्यासाठी लिबी नावाचं अ‍ॅप, ग्रंथालयाचं कार्ड आणि त्याचा पिन एवढंच लागेल. एका वेळी दहा पुस्तकं घेता येतील, मुदत सात, चौदा किंवा एकवीस दिवसांची. आणखी दहा पुस्तकांसाठी नंबर लावून ठेवता येईल. उशिराचा दंड नाही, कारण मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जाईल.

इथवरचा मजकूर मोठ्या टायपात होता. खाली बारीक टायपात चार ओळी होत्या. सेवा फक्त गावच्या रहिवाशांसाठी आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मोजक्याच प्रती आहेत. काही पुस्तकं किंडलवर वाचता येणार नाहीत. आणि आज यादीत असलेलं पुस्तक पुढेही असेलच असं नाही.

आमच्या घरात बारीक टाइप वाचायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. चष्मा वर-खाली करून मी तो वाचला आणि दुसऱ्या ओळीपाशी अडले. प्रती मोजक्या म्हणजे काय? कागदाचं पुस्तक एकाच्या हातात असलं की दुसऱ्याला थांबावं लागतं, हे कळतं. पण ई-पुस्तक म्हणजे एक फाइल. ती हजार जणांना एकदम द्यायला कुणाची हरकत आहे?

हरकत प्रकाशकाची आहे, आणि ग्रंथालयाने ती लेखी मान्य केलेली असते. खालच्या चार ओळींपैकी तीन ओळी त्या करारातून आल्या आहेत. पहिली तेवढी वेगळी. न्यू जर्सीत गावाचं स्वतःचं ग्रंथालय असलं, तर घरांच्या मूल्यांकनावर तीन हजार डॉलरमागे किमान एक डॉलर त्याच्यासाठी काढून ठेवावा लागतो, असा राज्याचा कायदाच आहे. साडेचार लाखांचं घर असेल तर वर्षाला दीडशे डॉलर झाले. आपल्याकडच्यासारखी अनामत आणि मासिक वर्गणी तिथे नसते, ती अशी घरपट्टीतून गेलेली असते. म्हणून कार्ड काढताना राहत्या पत्त्याचा पुरावा मागतात. मी पाहुणी, त्यामुळे लेकीच्या कार्डावर वाचत होते.

आता कराराकडे येते. त्यासाठी १९०८ सालात जावं लागेल. अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ नावाच्या कादंबरीत एक सूचना छापली होती, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला कुणी विकू नये, विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटला विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि प्रकाशक हरला. प्रत एकदा विकली की तिच्यावरचा तुमचा ताबा संपला, पुढे ती कितीला विकायची हे तुम्ही ठरवू शकत नाही, असा निकाल लागला. हे तत्त्व पुढे कायद्यात आलं. ग्रंथालयाने दुकानातून पुस्तक आणावं आणि ते पानं सुटेपर्यंत कुणालाही वाचायला द्यावं, यासाठी तिथे प्रकाशकाची परवानगी लागत नाही ती याच तत्त्वामुळे.

ई-पुस्तकाच्या बाबतीत हे तत्त्व लागूच होत नाही, कारण तिथे विक्री होत नाही. ग्रंथालयाला मिळतो तो ठरावीक मुदतीचा, अटींसह परवाना. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, तशी ही गत आहे. ‘द कास्टअवे’मधली सूचना न्यायालयात टिकली नाही, करारातली अट मात्र टिकते, कारण त्यावर ग्रंथालयाची सही असते.

सगळ्यात रूढ अट म्हणजे एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. फाइल हजारांना देता येत असली, तरी पुस्तकाभोवतीचं कुलूप एकालाच उघडतं. कागदी पुस्तकाचा तुटवडा इथे मुद्दाम आणून बसवला आहे. प्रकाशकांच्या बाजूनेही विचार करायला हवा. घरबसल्या, क्षणात, फुकट आणि अमर्याद प्रती मिळू लागल्या तर विकत कोण घेणार? लेखकाचं मानधन त्या विक्रीतूनच येतं. तुटवडा मला तेवढा खुपत नाही. खुपते ती मुदत.

२०११ मध्ये हार्परकॉलिन्सने जाहीर केलं, की ग्रंथालयाने घेतलेलं त्यांचं ई-पुस्तक २६ वेळा वाचायला दिलं की संपेल. पुन्हा हवं तर पुन्हा पैसे भरा. चौदा दिवसांच्या हिशेबाने २६ खेपा म्हणजे बरोबर एक वर्ष. कागदी पुस्तकही झिजतंच, असा युक्तिवाद होता. त्यावर ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी आपल्या कपाटातली याच प्रकाशकाची पुस्तकं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. २६ पेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरलेली, तरी बांधणी धड असलेली. आरडाओरडा बराच झाला, पण खेपांची अट काही गेली नाही. पेंग्विन रँडम हाउसने २०१८ मध्ये आणि हॅशेटने २०१९ मध्ये दुसरा मार्ग धरला: खेपा कितीही करा, दोन वर्षांनी परवाना संपेल. मॅकमिलन तर २०१९च्या नोव्हेंबरपासून नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे ग्रंथालयाला एकच प्रत देऊ लागलं होतं, मग ते ग्रंथालय एका खेड्याचं असो की न्यूयॉर्क शहराचं. ती अट त्यांनी २०२०च्या मार्चमध्ये मागे घेतली.

सूचनेतली शेवटची ओळ इथून आली आहे. आज दिसणारं पुस्तक उद्या नाहीसं होतं ते कुणी चोरल्यामुळे किंवा फाडल्यामुळे नव्हे. परवान्याची तारीख उलटलेली असते, आणि तो नव्याने घ्यावा की नाही हे ग्रंथपालबाईंचं अजून ठरलेलं नसतं.

ते ठरवणं किती अवघड असतं, हे मला नंबर लावल्यावर समजलं. मला एक गाजलेली रहस्यकादंबरी हवी होती. अ‍ॅपवर दिसलं की सहा प्रती आहेत आणि माझा नंबर ८४ वा. ग्रंथालयं बऱ्याचदा गट करून परवाने घेतात, त्यामुळे रांगेत आजूबाजूच्या गावांचे लोकही होते. सहा प्रती म्हणजे सहा-सहांच्या चौदा फेऱ्या. प्रत्येकाने पुरे एकवीस दिवस ठेवलं तर २९४ दिवस, म्हणजे बेचाळीस आठवडे. प्रत्यक्षात कुणी चार दिवसांत संपवतं, कुणी दहा पानांत कंटाळतं, त्यामुळे रांग याहून लवकर सरकते.

ग्रंथपालबाईंना म्हटलं, आणखी सहा प्रती घ्या की. त्या हसल्या. जे नवं ई-पुस्तक तुम्ही-आम्ही पंधराएक डॉलरला घेतो, त्याच्या दोन वर्षांच्या परवान्याला ग्रंथालय साठच्या आसपास मोजतं. सहा प्रतींचे ३६० डॉलर. तेवढ्याने रांग निम्म्यावर येईल हे खरं. पण पुस्तकाचा गाजावाजा वर्षभराचा असतो. दुसऱ्या वर्षी त्या प्रती कुणी न मागता पडून राहतील आणि तिसऱ्या वर्षी नाहीशा होतील. कागदी प्रती जास्त झाल्या की तळघरातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत डॉलरला एक अशा जातात, तेवढेच पैसे सुटतात. परवाना कुणाला विकता येत नाही. वाचनखूण असल्यासारखं बोट कॅटलॉगात तसंच ठेवून त्यांनी हे सगळं मला सांगितलं, आणि मग हळूच एक युक्तीही सांगितली.

नंबर आला की पुस्तक उचलायला तीन दिवस मिळतात. हाताशी दुसरं पुस्तक असेल तर नंबर घालवू नये. ‘नंतर द्या’ अशी सोय आहे. तिथे किती दिवसांनी हवं ते सांगायचं. मधल्या काळात मागचे लोक पुढे जातात, पण आपली जागा शाबूत राहते. बरेच जण हे न कळून नंबर घालवतात आणि शेपटाला जाऊन उभे राहतात. मुदतवाढीचंही तसंच आहे. मुदत संपायला तीन दिवस उरले की ती मागता येते, पण रांगेत कुणी असेल तर वाढीऐवजी नवा नंबर लागतो. अर्ध्यावर आलेली कादंबरी अशी हातातून जाते तेव्हा दंड परवडला असं वाटतं. त्यातल्या त्यात एक बरं आहे, की तुम्ही केलेल्या खुणा अ‍ॅप जपून ठेवतं. तेच पुस्तक पुन्हा मिळालं की त्या जागच्या जागी सापडतात.

माझ्या डोळ्यांसाठी मात्र या सेवेसारखं दुसरं काही नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. कागदात मोठ्या टायपाच्या पुस्तकांचं तिथे वेगळं कपाट असतं आणि त्यात असेल त्यातच निवडावं लागतं. इथे कोणतंही ई-पुस्तक माझ्या मापाचं होतं. फोनवर वाचून डोळे चुरचुरायला लागले म्हणून लेकीने तिचं जुनं किंडल दिलं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांची पुस्तकं त्यावर घेता येतात. अ‍ॅपमध्ये किंडल निवडलं की अ‍ॅमेझॉनचं पान उघडतं, तिथे एक बटण दाबलं की वायफायवरून पुस्तक येतं. सगळ्याच प्रकाशकांनी याला होकार दिलेला नाही, म्हणून सूचनेत ती तिसरी ओळ. मराठी काही मिळतंय का म्हणून देवनागरीत टाइप करून पाहिलं. त्या गावच्या यादीत एकही सापडलं नाही. जे वाचक मागतील तेच ग्रंथपाल घेणार, आणि तिथल्या मराठी घरांतून अ‍ॅपवर इंग्रजीच मागितलं जातं. माझ्या लेकीच्या घरातूनही.

रहस्यकादंबरीचा नंबर ऑक्टोबरात लागला. परतीच्या विमानाच्या अठरा दिवस आधी मी ती घेतली, पण आवराआवरीत वाचन रेंगाळलं. मुंबईला उतरले तेव्हा चाळीस पानं राहिली होती आणि मुदतीचे दोन दिवस. ते प्रवासाचा शीण काढण्यात गेले.

आता ग्रंथपालबाईंनी सांगितलेली युक्ती. किंडलचं वायफाय बंद असेल तर मुदत संपल्याचं त्याला कळत नाही, आणि पुस्तक यंत्रात तसंच राहतं. यात कुणाचा नंबर अडत नाही, कारण ग्रंथालयाच्या हिशेबात ती प्रत वेळेवर परत गेलेली असते आणि पुढच्या वाचकाला मिळालेलीही असते. विमानात बंद केलेलं वायफाय मी पुण्याला पोचल्यावरही चालू केलं नाही. खुनी कोण ते चौथ्या दिवशी दुपारी कळलं. संध्याकाळी वायफाय लावलं, आणि चहा गाळून येईपर्यंत पुस्तकाच्या जागी मुदत संपल्याची चिठ्ठी होती.