‘एकच तास ये ना’: ऑफिसनंतरच्या पार्टीविषयीचे गैरसमज

हिंजवडी असो, ऐरोली असो की नाशिकची एखादी छोटी कंपनी, गुरुवारी दुपारी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो: ‘उद्या साडेसात, बाणेर. सगळ्यांनी यायचंच!’ खाली पटापट अंगठे उमटतात. ज्यांना घरी जायचं असतं ते गप्प राहतात किंवा ‘बघतो’ एवढं लिहून सुटका करून घेतात. कागदोपत्री ही पार्टी ऐच्छिक असते. पण सोमवारी कोणीतरी सगळ्यांदेखत विचारतं, ‘काय गं, तू परत नव्हतीस?’ आणि ऐच्छिकपणा तिथंच संपतो. या सगळ्यामागे काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्या एकेक करून तपासायला हव्यात, कारण त्यांच्या जोरावर माणसांची संध्याकाळ काढून घेतली जाते.

गैरसमज: पार्टीत टीम जुळते, न येणारा तुटतो

पॉल इनग्रॅम आणि मायकेल मॉरिस या कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे शंभर अधिकाऱ्यांचा एक मेळावा भरवला. कामानंतरची संध्याकाळ, खाणंपिणं, मोकळ्या गप्पा. प्रत्येकाच्या अंगावर एक छोटा इलेक्ट्रॉनिक टॅग होता. कोण कोणाशी किती वेळ बोललं, हे त्यामुळे नोंदलं जात होतं. मेळाव्याआधी विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं होतं की नव्या ओळखी करायच्या आहेत. प्रत्यक्षात त्यांचा निम्मा वेळ आधीपासून ओळखीच्या माणसांतच गेला, आणि अशी माणसं तिथं एकतृतीयांशच होती. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. आपल्या पार्टीतलं टेबल डोळ्यांसमोर आणा. कँटीनमध्ये रोज एकत्र बसणारे चौघे तिथंही एकाच कोपऱ्यात असतात.

ट्रेसी डुमास, कॅथरीन फिलिप्स आणि नॅन्सी रॉथबार्ड यांचा 2013 चा अभ्यास याच्या पुढे जातो. ऑफिसच्या पार्ट्यांना जाणं, तिथं घरच्यांना नेणं, खासगी गोष्टी बोलणं यानं सहकाऱ्यांशी जवळीक वाढते का, हे त्यांनी अमेरिकेत तपासलं. ज्यांचे सहकारी त्यांच्याच वंशाचे होते त्यांची जवळीक वाढली. जे त्या बाबतीत वेगळे होते त्यांची तितकी वाढली नाही, आणि तेही पार्टीला जातच होते. म्हणजे जे आधीच एकसारखे आहेत त्यांना पार्टी अधिक घट्ट करते. आपल्याकडे वेगळेपण भाषेचं असतं, खाण्यापिण्याचं असतं, वयाचं असतं. सगळं टेबल हिंदीत विनोद करतंय, दुसरा पेग चाललाय आणि एक जण सोडा हातात धरून घड्याळ बघतोय. तो आला म्हणून जुळला, असं म्हणणं मला पटत नाही.

मग टीम जुळते कशानं? केव्हिन निफिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास केला. जे जवान ड्यूटीवर असताना एकत्र रांधून एकत्र जेवत, त्यांच्या तुकड्यांची कामगिरी चांगली आढळली. एकत्र जेवल्यामुळेच कामगिरी सुधारली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, चांगल्या तुकड्या कदाचित आपोआपच एकत्र जेवत असतील. पण हे जेवण ड्यूटीच्या वेळातलं होतं. त्यासाठी कोणाला घरी जायला उशीर होत नव्हता.

गैरसमज: घरी गेलात तर प्रमोशन गेलंच

याच्या उलट बाजूलाही एक समजूत आहे: ‘काम चोख असेल तर पार्टीला न गेल्यानं काही बिघडत नाही.’ दोन्ही अर्धवट आहेत.

झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया यांनी आशियातल्या एका मोठ्या बँकेची काही वर्षांची माहिती तपासली. तिथं मॅनेजर फिरते असतात, त्यामुळे कोणाच्या वाट्याला कोणता मॅनेजर येईल हे कर्मचाऱ्याच्या हातात नसतं. पुरुष कर्मचाऱ्याला पुरुष मॅनेजर मिळाला की पुढच्या वर्षांत त्याची बढती लवकर होत होती. स्त्रियांच्या बाबतीत मॅनेजर बदलला तरी फरक पडत नव्हता. हे पुरुष जास्त काम करत होते किंवा त्यांचं काम सरस होतं, असंही दिसलं नाही. मग संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्यांकडे पाहिलं. सिगारेट ओढणाऱ्या माणसाला तशीच सवय असलेला मॅनेजर मिळाला, की दोघांच्या सिगारेटच्या सुट्ट्या एकत्र होऊ लागल्या आणि त्याचीही बढती लवकर होऊ लागली.

म्हणजे साहेबांच्या जवळ राहिल्याचा फायदा होतो, हे खरं आहे आणि अन्यायाचंही आहे. त्या बँकेत बढतीबाबत स्त्री-पुरुषांत जी तफावत होती, तिचा सुमारे एकतृतीयांश भाग या एका कारणानं समजतो, असा त्यांचा हिशेब आहे. पण सिगारेटची ती सुट्टी कामाच्या वेळातली होती. साहेबांच्या नजरेत राहायला रात्री नऊपर्यंत बारमध्येच बसावं लागतं, असं यातून निघत नाही.

म्हणून ज्याला संध्याकाळी घर गाठायचं आहे त्यानं दिवसातली एखादी जागा धरून ठेवावी. आठवड्यातून एकदा लीडबरोबर पंधरा मिनिटं, कॅलेंडरवर नोंदवलेली. त्यात चालू कामाबरोबर पुढच्या प्रोजेक्टचं आणि ऑनसाइटचं विचारावं. जो पार्टीत बसतो त्याला हीच माहिती गप्पांत आयती मिळत असते.

आपल्या टीममध्ये पार्टी खरंच किती महत्त्वाची आहे, हे ओळखण्याची एक खूण आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये ‘ते आपण शुक्रवारी बोललोच होतो’ असं वाक्य येतं का, ते ऐकावं. येत असेल तर शुक्रवारी मीटिंग झाली होती आणि काही जणांना तिचं बोलावणं पोचलंच नव्हतं. तेव्हा सरळ सांगावं, ‘मी नव्हते, जे ठरलं ते मेलवर टाका.’ पार्टीला न येणं आणि निर्णयातून वगळलं जाणं या दोन गोष्टी आहेत. दुसरीवर हरकत घ्यायला संकोच करू नये.

गैरसमज: ऑफिसबाहेर ऑफिसचे नियम नाहीत

हा सगळ्यात घातक. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. नोकरीच्या निमित्तानं किंवा नोकरीच्या ओघात कर्मचारी जिथं जाते ती जागा त्यात येते, आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा. कंपनीनं ठरवलेली पार्टी, रिसॉर्टची सहल, रात्री घरी सोडणारी कॅब यांना ‘ते ऑफिस नव्हतं’ म्हणून बाजूला सारता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. चौघा मित्रांनी आपापले पैसे काढून जाणं वेगळं, आणि लीडनं टीमच्या ग्रुपवर बोलावून कंपनीच्या खर्चानं नेणं वेगळं.

पार्टीला न येण्याचा हक्क म्हणून वेगळा कायदा मात्र आपल्याकडे नाही. इतर देशांत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला आहे. पॅरिसमधल्या एका सल्लागार कंपनीनं 2015 मध्ये एका वरिष्ठ कर्मचाऱ्याला काढलं. कारणांमध्ये असंही होतं की कंपनीच्या मौजमजेच्या संस्कृतीत तो मिसळत नाही. त्या मौजमजेत शुक्रवारची भरपूर दारूही होती. 9 नोव्हेंबर 2022 ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की त्यात भाग न घेणं हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि त्यासाठी त्याला काढता येत नाही.

जपानचा 2016 चा निकाल दुसऱ्या बाजूनं बोलतो. एका कर्मचाऱ्याचं काम बाकी होतं, तरी वरिष्ठांनी आग्रह केल्यानं तो परदेशी प्रशिक्षणार्थींच्या मेजवानीला गेला. नंतर त्यांना कंपनीच्या गाडीतून घरी सोडून काम संपवायला परतायचं होतं, पण त्यांना सोडायला जातानाच तो अपघातात गेला. खालच्या कोर्टांनी हा कामावरचा मृत्यू मानला नाही. सर्वोच्च न्यायालयानं मानला, आणि त्याचं एक मोठं कारण हे, की त्या मेजवानीला नकार देणं त्याला शक्यच नव्हतं. न्यायालयानं आमंत्रणातला गोड शब्द बघितला नाही, नकाराला जागा होती का ते बघितलं. आपल्या ऑफिसातही हीच कसोटी लावावी.

गैरसमज: नाही म्हटलं की माणसं दुखावतात

ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की नकार देणाऱ्याला समोरचा जितका रागावेल असं वाटतं तितका तो रागावत नाही. नकारामागे विचार झाला असेल, हे तो समजून घेतो. त्रास खरा होतो तो ‘बघते’चा. हॉटेलचं पॅकेज पर हेड असतं आणि माणसांचा आकडा आधी कळवावा लागतो. वीस सांगितले आणि सोळा आले तरी पैसे बहुतेक वेळा विसांचे जातात. म्हणून नकार लवकर द्यावा, कारण एकच आणि खरं सांगावं. आजारी सासूबाई आणि गॅसवाला असं एकाच वाक्यात कोंबलं की समोरचा त्यातली फट शोधू लागतो.

माझ्या ओळखीची एक टेस्टर चिंचवडला राहते. मुलीचं पाळणाघर सातला बंद होतं, कंपनीची बस सव्वासहाला सुटते. नवऱ्याची शिफ्ट रात्रीची. तिचं आणि लीडचं बोलणं असं झालं:

‘अगं, एकच तास ये ना. सगळे आहेत.’

‘नाही रे, उद्या जमणार नाही. सातला पाळणाघर बंद होतं. आकड्यात मला धरू नकोस.’

‘मग अर्धा तास? तोंड दाखवून जा.’

‘अर्ध्या तासात बस जाते. सोमवारी दुपारी सगळे एकत्र जेवूया का? मी उसळ आणते.’

अशा बाईला माणसांत मिसळायची हौस नाही, असं म्हणणारे घरात पाऊल टाकल्यावर सुरू होणारी तिची दुसरी पाळी विसरतात. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ गेला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं.

त्या लीडनं पुढच्या तिमाहीची पार्टी बुधवारी दुपारी साडेबारा ते अडीच ठेवली, ऑफिसजवळच्या थाळीच्या हॉटेलात. क्लायंटचा कॉल असलेले दोघे सोडून सगळे आले. ज्यांना संध्याकाळी बसायचं होतं ते शुक्रवारी वेगळे गेलेच, फक्त कोण आलं आणि कोण नाही याची ग्रुपवर हजेरी झाली नाही.