घरातला पडदा : एक सुसाट, दुसरा निवांत

कळंबमधलं एक जोडपं समजा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मे महिन्याच्या सुट्टीत रात्री दहाला सुरू केलेली मालिका पहाटे चारला संपवूनच उठणारी. त्याचं कृषी सेवा केंद्र. पेरणीच्या दिवसांत बियाणं-खतांच्या गर्दीतून सुटून तो घरी येतो, जेवतो आणि पंचवीस मिनिटांत त्याचे डोळे मिटतात. आठवड्यातून तीन रात्री जमल्या तरी खूप. दोघांना एकच मालिका बघायचीय.

अशा वेळी लोक आधी विषय बघतात : थरारक हवी की विनोदी? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. एक भाग दुसऱ्याला कसा जोडलाय, हे बघावं. त्यासाठी पहिल्या भागाची शेवटची तीन मिनिटं पुरतात. दार उघडतं, आत कोण हे दिसत नाही आणि नावं सुरू होतात, अशी मालिका असेल तर ती रात्री थांबणार नाही. मग त्याला सकाळी चहाबरोबर ‘अहो, मी फक्त एकच भाग पुढं गेले’ हे ऐकावं लागेल.

‘समांतर’चंच बघा. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ही मालिका २०२० साली आली. पहिल्या सीझनचे नऊ भाग, तेही छोटे. त्याच्या वेगाने तीन आठवड्यांचा मामला, तिच्या वेगाने एका रात्रीचा. पुढे काय घडणार हे आधी कळणं, यावरच सगळी गोष्ट उभी आहे. दुसऱ्या सीझनमध्ये तर नायकाला रोज डायरीचं एकच पान वाचायचं बंधन आहे. एका रात्रीत फडशा पाडणाऱ्यांनी ते जरूर मनावर घ्यावं! पण दोघांत ही मालिका नकोच. तिला पुढचं ठाऊक असेल, तर नुसत्या चेहऱ्यावरून त्याला कळेल.

शेवट आधीच ठाऊक असलेली मालिका घेतली तर? ‘स्कॅम १९९२’ तशी आहे. हर्षद मेहताचं पुढे काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ती पुढं गेली तरी रहस्य फुटत नाही. पण इथं त्याची अडचण होते. दहा भाग आणि प्रत्येक साधारण पन्नास मिनिटांचा. म्हणजे एका भागाला दोन रात्री, सगळ्याला वीस, म्हणजे जवळपास सात आठवडे. तेवढ्या काळात कोणता दलाल कुणाचा माणूस आणि कोणत्या बँकेची पावती कुणाकडे, हे विसरायला होतं. सावकाश बघणाऱ्याला रहस्यापेक्षा विस्मरण जास्त छळतं. ‘हा कोण गं?’ असं तो दर पाच मिनिटांनी विचारू लागला, की मालिका चुकली समजा.

म्हणून या जोडप्याला मी ‘पंचायत’चा पहिला सीझन सांगेन. अर्ध्या-पाऊण तासाचे आठ भाग. कधी एखाद्याला दोन रात्री लागतील, तरी चारेक आठवड्यांत संपतो. माणसं मोजकी, जागा एक आणि जवळपास प्रत्येक भागात एकच भानगड : कधी चाकांची खुर्ची, कधी झाडावरचं भूत. पाच दिवसांचा खंड पडला तरी धागा तुटत नाही. प्रधान बायको आणि कारभार नवऱ्याचा, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरजही नाही. ती दोन भाग पुढं गेली तरी त्याचं फारसं नुकसान होत नाही आणि तेच भाग त्याच्याबरोबर परत बघायला तिला कंटाळा येत नाही. परत बघताना कंटाळा येत नसेल, तर निवड बरोबर.

पुढच्या सीझनला मात्र हाच नियम चालत नाही. दुसऱ्याचा शेवटचा भाग एकटीनं बघू नये. का, ते बघितल्यावर कळेल. तिसऱ्यापासून गावचं राजकारण सलग चालतं आणि तो सीझन भर प्रसंगात तोडलाय. तिथून पुढं दोघांनी एकत्रच बसावं.

‘पंचायत’ही लांब वाटत असेल तर ‘आणि काय हवं’ बघा. प्रिया बापट आणि उमेश कामत यांच्या या मालिकेत भाग छोटे आहेत आणि दर भागात जुई-साकेतच्या संसारातला एक प्रसंग पुरा होतो.

तिची भूक यानं भागणार नाही, हे उघड आहे. तिला वेगळी मालिका द्यावी. ‘समांतर’ तिनं खुशाल एका रात्रीत संपवावी. फक्त प्रोफाइल वेगळं करा. एकाच प्रोफाइलवर दोघं असले, की ‘पुढे बघा’ची खूण तिच्या जागी सरकते. तो झोपेत बटण दाबतो आणि थेट सहाव्या भागात पोचतो. निम्मी भांडणं या खुणेवरून होतात.

पुढच्या आठवड्यात : टीव्ही एकच आणि आजेसासूबाईंची मालिका साडेआठला.