हिशेबाची फाइल नेमकी कोणी अडवली?

क्विकबुक्स डेस्कटॉप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कंपनीचे सगळे व्यवहार एकाच फाइलमध्ये साठवले जातात. ग्राहकांची बिले, बँकेच्या नोंदी, पगार, मालाचा साठा असे सारे काही तिच्यात असते आणि तिच्या नावाच्या शेवटी .QBW ही अक्षरे असतात. पाच-सहा टेबलांच्या ऑफिसात ही फाइल सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी तिच्यावर काम करता येते. पण एखाद्या सकाळी ती उघडतच नाही आणि ‘फाइल लॉक झाली’ अशी ओरड सुरू होते. प्रत्यक्षात या दोन शब्दांखाली निदान तीन वेगवेगळे बिघाड येतात. प्रत्येकाचा उपाय निराळा असल्यामुळे आधी फाइल कोणाच्या हातात आहे हे शोधावे लागते.

फोल्डर शेअर केले की प्रत्येक संगणक थेट फाइल उघडून तिच्यात लिहितो, असा सर्वसाधारण समज आहे. क्विकबुक्समध्ये तसे होत नाही. 2006च्या आवृत्तीपासून या फाइलमागे डेटाबेस इंजिन आहे आणि सर्व्हरवर ते पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसच्या रूपात काम करते. 2023च्या आवृत्तीत या सर्व्हिसचे नाव QuickBooksDB33, तर 2024च्या आवृत्तीत QuickBooksDB34. बँकेत खातेदार स्वतः तिजोरी उघडत नाही, रोखपालाकडे पैसे मागतो. तसाच हा व्यवहार आहे. टेबलावरचा संगणक मागणी करतो आणि सर्व्हिस फाइलमध्ये वाचते-लिहिते. ही सर्व्हिस कोणत्या यंत्रावर भेटेल, याचा पत्ता फाइलशेजारच्या .ND या छोट्या फाइलमध्ये असतो. फोल्डरवर वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी लागतेच, पण ती देऊन काम संपत नाही.

पहिला बिघाड होतो तो फाइलचा ताबा चुकीच्या यंत्राकडे गेल्यामुळे. क्विकबुक्सच्या File मेनूत Utilities खाली Host Multi-User Access असा पर्याय आहे. कोणी मदत म्हणून तो आपल्या टेबलावरच्या संगणकावर सुरू केला, तर तो संगणकही स्वतःला यजमान समजू लागतो. मग सर्व्हर आणि तो संगणक यांच्यात फाइलवरून ओढाताण होते, आणि बाकीच्यांच्या पडद्यावर H202 किंवा H505 अशा खुणेचा संदेश येतो. तपासणी सोपी आहे. प्रत्येक टेबलावर तो मेनू उघडून पाहावा. तिथे Stop Hosting Multi-User Access असे दिसले, तर ते यंत्र यजमान झालेले आहे. तोच पर्याय दाबून त्याचे यजमानपद काढून घ्यावे. यजमान फक्त सर्व्हर असावा. ज्या ऑफिसात फाइल नुसत्या साठवणुकीच्या डब्यावर, म्हणजे नासवर ठेवलेली असते, तिथे मात्र एक पेच असतो. तशा साध्या डब्यावर ही सर्व्हिस चालवता येत नाही, त्यामुळे कोणत्या तरी टेबलाला यजमान व्हावेच लागते आणि ते यंत्र बंद झाले की सगळ्यांचे काम थांबते. अशी मांडणी टाळलेलीच बरी.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात यंत्रणा अगदी बरोबर चाललेली असते. क्विकबुक्समधली काही कामे, उदाहरणार्थ यादीतली दोन सारखी नावे एकत्र करणे, फाइल एकाच माणसाच्या ताब्यात असतानाच करायची असतात. त्यासाठी तो माणूस सिंगल-युझर मोडमध्ये जातो आणि तेवढा वेळ बाकी सगळे बाहेर राहतात. काम झाल्यावर पुन्हा मल्टि-युझर मोडमध्ये यायचे राहून गेले की लॉक कायम राहतो.

न्यू जर्सीतला एक घाऊक व्यापारी आणि त्याचे हिशेब लिहिणारे पुण्याचे ऑफिस, असे उदाहरण घेऊ. पुण्यातली हिशेबनीस रिमोट डेस्कटॉपने तिकडच्या सर्व्हरवर जाते. एका दिवशी ती एकाच ग्राहकाची दोनदा नोंदलेली नावे एकत्र करण्यासाठी सिंगल-युझर मोडमध्ये जाते. सहा वाजता ती रिमोट डेस्कटॉपची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून बंद करते आणि घरी निघते. उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिथले लोक कामाला बसतात आणि कोणालाच फाइल उघडत नाही. खिडकी बंद केल्याने फक्त जोडणी तुटते. सर्व्हरवरचे सत्र आणि त्यातले उघडे क्विकबुक्स चालूच राहते. सर्व्हरवर अशी सत्रे पाहण्याची आज्ञा आहे:

```
query user
```

यादीत त्या बाईंच्या नावापुढे Disc अशी स्थिती दिसते. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्यांना फोन करून पुन्हा जोडायला सांगावे. तेच सत्र जसेच्या तसे समोर येते, मग त्या मल्टि-युझर मोडमध्ये येतात, कंपनी बंद करतात आणि सर्व्हरवरून साइन आउट करतात. त्या भेटल्याच नाहीत, तर प्रशासकाला `logoff` या आज्ञेपुढे यादीतला सत्रक्रमांक देऊन ते सत्र मोडता येते. पण त्यात जतन न केलेली नोंद जाते. तुटलेली सत्रे ठरावीक वेळाने आपोआप बंद होतील अशी मर्यादा विंडोजमध्ये घालता येते. ही मर्यादा फार कमी ठेवू नये, नाहीतर फाइलची दुरुस्ती चालू असतानाच सत्र मोडण्याचा धोका राहतो.

तिसऱ्या प्रकारात फाइल कोणीच अडवलेली नसते. सर्व्हरवर रात्री विंडोजचे अपडेट बसते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि सर्व्हिस मात्र उठत नाही. शेअर केलेले फोल्डर दिसते, फाइलही दिसते. म्हणून नेटवर्क ठीक आहे असे वाटते आणि संशय लॉकवर जातो. सर्व्हरवर हे विचारावे:

```
sc query QuickBooksDB33
```

उत्तरात RUNNING नसेल तर services.msc उघडून ती सर्व्हिस सुरू करावी. तिच्या सोबतीची QBCFMonitorService चालू आहे का, तेही पाहावे. सर्व्हिस चालू असूनही टेबलांना ती भेटत नसेल, तर बहुधा सर्व्हरची फायरवॉल वाट अडवते. सर्व्हरवरच्या QuickBooks Database Server Manager मध्ये फोल्डर पुन्हा स्कॅन केले की .ND फाइल नव्याने लिहिली जाते आणि जुना पत्ता असल्यास तो बदलतो.

घाईत होणारे नुकसान मात्र लॉकपेक्षा मोठे असते. टास्क मॅनेजरमधून सर्व्हिस ठार करणे, लोक काम करत असताना .QBW फाइलची नुसती प्रत काढून तिला बॅकअप समजणे, किंवा शेअर केलेले फोल्डर ड्रॉपबॉक्स-वनड्राइव्हच्या समक्रमणात टाकणे या तिन्ही गोष्टींनी फाइल बिघडू शकते. .ND फाइलचे नाव बदलून पाहायला हरकत नाही, ती पुन्हा तयार होते. .TLG फाइल मात्र कधीही पुसू नये. बॅकअपनंतरच्या व्यवहारांची नोंद तिच्यात असते आणि मूळ फाइल खराब झाली तर जुन्या बॅकअपसोबत हीच फाइल मधल्या दिवसांचे हिशेब परत मिळवून देऊ शकते.