शिफ्ट संगणक लावणार, तर आधी युनियनशी बोला

समजा, चाकणच्या एका कारखान्यात नोटीस लागली: पुढच्या महिन्यापासून शिफ्टचा तक्ता सुपरवायझरऐवजी एआय लावेल. युनियनच्या प्रतिनिधीने ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलं, तर पत्र फायलीत जाईल. चर्चा मागायची तर नेमकी कशावर, हे पत्रात यायला हवं.

सेकंड शिफ्ट रात्री ११ला सुटते आणि फर्स्ट सकाळी ७ला सुरू होते. मंगळवारी सकाळी प्रेसवर माणूस कमी आहे. सोमवारी सेकंड केलेला ऑपरेटर ते मशीन जाणतो आणि त्याला लावलं तर ओव्हरटाइमही पडत नाही. प्रोग्राम त्याचंच नाव टाकतो. कायद्यातला दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरतात, त्यामुळे कागदावर दोन्ही दिवशी आठच तास भरतात. प्रत्यक्षात तो कंपनीच्या बसने रात्री १२ला घरी पोचतो आणि पहाटे पावणेसहाला पुन्हा स्टॉपवर उभा असतो. अशा माणसाने प्रेसखाली हात घालणं मला भीतीदायक वाटतं. जुना सुपरवायझर हे टाळायचा, पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं आणि न लिहिलेला नियम प्रोग्रामला कळत नाही.

अशा प्रोग्रामला दोन प्रकारचे नियम देतात. काही मोडताच येत नाहीत, तर काही जमल्यास पाळायचे असतात. दुसऱ्या प्रकारचे नियम खर्च वाचवताना मागे पडू शकतात. म्हणून पत्रातला कळीचा प्रश्न असा: ‘दोन शिफ्टमधली विश्रांती, साप्ताहिक सुट्टी आणि नाइटची पाळीपाळीने वाटणी यांतले कोणते नियम न मोडण्याजोगे ठेवले आहेत, ते लेखी कळवावे.’ युरोपीय संघात दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांतीचा नियम आहे. तोच आकडा मागता येतो.

कायद्याचा आधारही आहे. कामाचे तास किंवा स्थायी आदेशांबाहेर शिफ्टची पद्धत बदलायची, तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-कमध्ये हे होतं, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४०मध्येही आहे. मात्र ‘वेळा त्याच आहेत, फक्त तक्ता यंत्र लावतं’ असं व्यवस्थापन म्हणू शकतं. शिवाय नोटीस म्हणजे कळवणं, विचारणं नव्हे. त्यामुळे कलमावर सगळी भिस्त न ठेवता पत्रात बैठकीची तारीख मागावी.

बैठकीआधी एक चाचणीही मागावी. मागच्या महिन्याची हजेरी आणि उत्पादनाची गरज प्रोग्रामला द्यायची, तक्ता काढायचा, पण लावायचा नाही. प्रत्येकाच्या नावापुढे मोजायचं: ११ तासांहून कमी विश्रांती किती वेळा आली, नाइट किती पडल्या. हे आकडे जुन्या तक्त्याशेजारी ठेवले की बोलणी सुरू करायला ठोस मुद्दा मिळतो. आणि ऐनवेळी घरात कोणी आजारी पडलं, तर तक्ता बदलण्याचा अधिकार कोणाला, त्याचं नाव आणि फोन नंबर बोर्डावर लागला पाहिजे, हीही मागणी त्याच पत्रात असावी.