पेट्रोलवर अडखळते, गॅसवर सुरळीत चालते

पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत सीएनजी गाड्यांची एक तक्रार वारंवार येते. सकाळी गाडी सुरू करताना सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. इंजिन सुरू झालं की आयडलिंगला थरथरतं, एक-दोन ठोके चुकल्यासारखे वाटतात आणि मागे उभं राहिलं तर कच्च्या पेट्रोलचा वास येतो. दोन मिनिटांत सगळं थांबतं आणि गाडी दिवसभर छान चालते. मालक म्हणतो, ‘थंडीत असं होतंच, गरम झाली की सुधारते.’ एके दिवशी मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावल्यावर P0303 असा कोड दिसतो आणि दुरुस्ती सुरू होते ती बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून.

अशीच एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, सोबत कंपनीने बसवलेलं सीएनजी, सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेले आणि रोजचा प्रवास घर ते ऑफिस. कोड P0303, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर. हे इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कसं कळतं? सिलेंडरमध्ये मिश्रण पेटलं की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एखाद्या वेळी ते नीट पेटलं नाही तर तेवढ्यापुरता क्रँकचा वेग किंचित घटतो. क्रँकजवळचा सेन्सर हा फरक टिपतो आणि त्या क्षणी पाळी कोणाची होती हे ईसीयूला ठाऊक असतं. म्हणून कोड सिलेंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. ठिणगी कमी पडली असेल, कॉम्प्रेशन गेलं असेल किंवा पेट्रोल कमी-जास्त पडत असेल, कोड तोच येतो.

आपल्या गाडीत आधी चारही प्लग बदलले गेले. फरक पडला नाही. मग तिसऱ्या सिलेंडरची इग्निशन कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून पाहिली. कोड P0303 च राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. ही अदलाबदल योग्यच होती. पण हाच निष्कर्ष एक स्क्रूही न फिरवता काढता आला असता, कारण गाडीने स्वतःच तो दाखवला होता. कंपनीची सीएनजी गाडी साधारणपणे पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन थोडं तापलं की आपोआप गॅसवर जाते. सकाळच्या त्या दोन मिनिटांनंतर इंजिन ‘सुधारत’ नव्हतं, इंधन बदलत होतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. प्लग किंवा कॉइल कमकुवत असती तर त्रास गॅसवर आधी जाणवला असता. कॉम्प्रेशन गेलं असतं किंवा इनटेकमध्ये कुठून हवा शिरत असती तर दोन्ही इंधनांवर इंजिन अडखळलं असतं. गॅसवर सरळ आणि पेट्रोलवर वाकडं म्हटल्यावर दोष पेट्रोलच्या बाजूलाच शोधायचा. इंजिन गरम असताना स्विचने गाडी पेट्रोलवर आणून आयडलिंगला पुन्हा थरथर येते का, एवढं पाहिलं की पुरे. आपल्या गाडीत ती आली, सकाळपेक्षा सौम्य, पण आली.

आता इंजेक्टरकडे येऊ. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा बारीकसा व्हॉल्व्ह. रेलमध्ये साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल थांबलेलं असतं. ईसीयूने वीज दिली की आतली सुई किंवा गोळी तिच्या बैठकीवरून उचलली जाते आणि अत्तराच्या बाटलीसारखा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पडतो. आयडलिंगला हे तोंड एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदच उघडं असतं. वीज थांबली की स्प्रिंग सुईला पुन्हा बैठकीवर दाबते आणि तोंड बंद होतं. फवारा बारीक पडणं आणि तोंड पक्कं बंद होणं, या दोन्ही गोष्टी नीट झाल्या तरच इंजेक्टर ठीक.

बिघाड सुरू होतो तो बहुतेक वेळा इंजिन बंद केल्यावर. पाणी आणि हवा फिरायची थांबते, पण तापलेल्या हेडची उष्णता इंजेक्टरच्या टोकाशी पोचतच राहते. तिथे राहिलेल्या पेट्रोलच्या थेंबातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डिंकासारखा थर उरतो. पेट्रोल रोज वाहत असेल तर तो थर बऱ्याच अंशी धुऊन निघतो. सीएनजी गाडीत मात्र पेट्रोलचे इंजेक्टर सकाळची दोन मिनिटं काम करून दिवसभर गरम इंजिनावर नुसते बसून असतात. त्यात टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने तेच असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओलही धरतं. एवढं सगळं जुळून आल्यावर सुई बैठकीवर पुरती टेकत नाही.

मग एकाच इंजेक्टरमध्ये दोन दोष दिसू लागतात. फवाऱ्याऐवजी धार किंवा जाड थेंब पडतात, ते थंड इंजिनात नीट पेटत नाहीत. आणि बंद असतानाही तो गळत राहतो. आयडलिंगला अशा इंजिनाच्या एका सिलेंडरला मिनिटाला सुमारे तीन-चार मिलिलिटर पेट्रोल पुरतं. गळतीने त्यात मिनिटाला एक मिलिलिटर भर पडली तर मिश्रण जवळजवळ एक तृतीयांशाने जाड होतं आणि ठोके चुकतात. हीच गाडी पेट्रोलवर हायवेला शंभरच्या वेगाने पळवली तर त्याच सिलेंडरला मिनिटाला वीस-पंचवीस मिलिलिटर लागतं. तिथे एक मिलिलिटर जाणवतही नाही. रेस दिल्यावर थरथर का जाते, याचं उत्तर या हिशोबात आहे.

स्कॅनरवर हे दिसतं. आपल्या गाडीत पेट्रोलवर, गरम इंजिनाला, आयडलिंगवर फ्युएल ट्रिम उणे आठ टक्क्यांच्या आसपास होता आणि अडीच हजार आरपीएमवर शून्याजवळ आला. उणे ट्रिम म्हणजे एक्झॉस्टमध्ये पेट्रोल जास्त आल्यामुळे ईसीयू पुरवठा कापतो आहे. इथली अडचण समजून घेण्यासारखी आहे. ईसीयू चौघांचा मिळून सरासरी हिशोब पाहतो, म्हणून गळणाऱ्या एकासाठी तो उरलेल्या तिघांचंही पेट्रोल कमी करतो. इंजेक्टर गळत नसून नुसता तुंबला असेल तर उलट घडतं. ट्रिम अधिक बाजूला सरकतो, प्लगचं टोक कोरडं आणि फिकट दिसतं. गळणाऱ्या सिलेंडरचा प्लग काळा, कधी ओला असतो आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. फक्त ट्रिमवर मात्र विसंबू नये. मिसफायर सतत होत असेल तर न जळलेल्या मिश्रणासोबत न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर येतो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो.

निकाल लागला तो अदलाबदलीनेच. तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्याच्या जागी बसवला, कोड पुसला, गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी कोड आला P0301. वायरिंग किंवा कनेक्टर खराब असता तर कोड तिसऱ्यावरच राहिला असता. दोष इंजेक्टरसोबत हलला, म्हणजे दोषी तोच.

चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले. या यंत्रात प्रत्येक इंजेक्टरखाली काचेची मोजनळी असते. सगळे एकाच दाबावर, एकाच वेळ चालवले की कोणाचा फवारा कसा आणि कोणाच्या नळीत किती, हे मालकालाही उघड दिसतं. मग वीज न देता नुसता दाब ठेवून गळती पाहतात. आपला इंजेक्टर जवळपास सेकंदाला एक थेंब टाकत होता. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिनिटाला एका थेंबाहून जास्त गळती चालत नाही. अल्ट्रासॉनिक टाकीत सफाई केल्यावर चारही नळ्यांतली पातळी सारखी आली, तिसऱ्याचा फवारा सुधारला, पण मिनिटाला पाच-सहा थेंब पडतच राहिले. सफाईने डिंक निघतो, झिजलेली बैठक भरून येत नाही. त्याच पार्ट नंबरचा एक नवा इंजेक्टर आणि चौघांच्या नव्या ओ-रिंगा घातल्यावर थरथर आणि वास दोन्ही गेले. बाकीचे तिघे चाचणीत उतरले होते, त्यांना बदलायचं काही कारण नव्हतं.

पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या क्लीनरबद्दल लोक विचारतात. थर हलका असेल तर चांगल्या क्लीनरचा उपयोग होतो, पण गाडी पेट्रोलवर चालवली तरच. टाकीत बाटली ओतून गॅसवर फिरलात तर औषध टाकीतच राहतं. गळणाऱ्या इंजेक्टरवर पैसे घालवायचे तर आधी बेंचवर घालवा.

वास कुठे येतो, हे मेकॅनिकला नक्की सांगा. सायलेन्सरपाशी येत असेल तर पेट्रोल सिलेंडरमधून न जळता जातंय. बॉनेट उघडल्यावर रेलपाशी येत असेल तर वरची ओ-रिंग किंवा पाइप बाहेर गळत असण्याची शक्यता आहे. ती गाडी सुरू करू नका, टोइंग करून न्या, कारण गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. ऑइलच्या डिपस्टिकला वास येत असेल आणि पातळी वाढलेली दिसत असेल तर पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलं आहे. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना सांभाळू शकत नाही, म्हणून इंजेक्टरची दुरुस्ती झाली की ऑइल आणि फिल्टरही बदला. रेल उघडण्याआधी इंजिन गार असावं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. हे काम घरच्या पार्किंगमध्ये करू नये.

सीएनजी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल ठेवू नका. अनेक गाड्यांत पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. आणि चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला तर पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून काढा आणि गाडी बाजूला घ्या. त्या वेळी न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत असतं. त्याची आतली जाळी वितळली तर इंजेक्टरच्या कितीतरी पट खर्च येतो.